सीएसआर: पडद्यामागचे पाणी कसे ओसरते आणि किती काळ वाट पाहायची

प्रश्न: तीन आठवड्यांपासून डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक गोल, करडा डाग दिसतो. संगणकावरच्या तक्त्याच्या सरळ रेषा नेमक्या तिथेच आत वळलेल्या दिसतात. वय ३९, कामाचा ताण खूप आहे. डॉक्टरांनी ‘सीएसआर’ आहे, पडद्यामागे पाणी साठले आहे असे सांगितले, पण औषध काहीच दिले नाही. सहा आठवड्यांनी या म्हणाले. हे खरोखर आपोआप बरे होते का? नुसते बसून राहण्यात धोका नाही का?

उत्तर: हो, पहिल्याच वेळी झालेला सीएसआर, म्हणजे सेंट्रल सीरस रेटिनोपॅथी, बहुतेकांमध्ये तीन ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो आणि नजर बहुधा पूर्ववत किंवा जवळजवळ पूर्ववत होते. तुमच्या डॉक्टरांनी औषध दिले नाही, यात हयगय झालेली नाही. या टप्प्यावर तेच योग्य आहे. मात्र या वाट पाहण्याला एक मुदत आहे आणि एक अटही आहे. मुदत का आहे हे समजण्यासाठी डोळ्यात नेमके काय चालले आहे ते पाहावे लागेल, आणि अट स्टेरॉइडशी संबंधित आहे. या दोन्ही गोष्टी मी जरा सविस्तर सांगतो.

दृष्टिपटल, म्हणजे बोलताना आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो, ते एका अतिशय पातळ थरावर टेकलेले असते. रंगद्रव्य असलेल्या पेशींचा हा थर एकाच पेशीइतका जाड असतो, आणि त्याच्या मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला कोरॉइड नावाचा थर असतो. कोरॉइड स्पंजासारखा रक्ताने भिजलेला असतो. मधला पेशींचा थर मागचे पाणी पुढे येऊ देत नाही आणि पुढे आलेले थोडेफार पाणी सतत मागे खेचून घेतो. म्हणजे तो एकाच वेळी बांधही आहे आणि पंपही. सीएसआरमध्ये मूळ बिघाड बहुधा कोरॉइडमध्ये असतो. त्याच्या रक्तवाहिन्या फुगतात, थर जाड होतो, त्यातून पाणी झिरपू लागते आणि मागचा दाब वाढतो. मग मधला थर एखाद्या ठिकाणी हार मानतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढी गळती सुरू होते, आणि पडद्याखाली पाणी साठून पडदा घुमटासारखा उचलला जातो. हा घुमट जेव्हा पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, येतो तेव्हाच माणसाला त्रास जाणवतो. कडेला झालेला सीएसआर कित्येकांना कधी कळतही नाही.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे या घुमटामुळेच निर्माण होतात. पडदा वर उचलला गेला की त्यातील प्रकाशग्राही पेशी किंचित दूर पसरतात आणि तिरक्या होतात. त्यामुळे तेवढीच प्रतिमा नेहमीपेक्षा कमी पेशींवर पडते, आणि मेंदूला ती वस्तू लहान वाटते. एक डोळा झाकून पाहिल्यास आजारी डोळ्याला तीच अक्षरे दुसऱ्या डोळ्यापेक्षा बारीक दिसतात, हे अनेक रुग्ण स्वतःहून सांगतात. घुमटाच्या उतारावर रेषा वाकतात. रंग फिके दिसतात, पांढऱ्या कागदावर त्या जागी पिवळट किंवा करडी छटा येते. पुष्कळांना हा डाग सर्वप्रथम सकाळी जाग आल्यावर छताच्या किंवा भिंतीच्या पांढऱ्या रंगावर दिसतो. डोळे मिटून उघडले की क्षणभर अधिक गडद होऊन मग फिका पडतो.

आणखी एक बारकावा आहे, जो तपासणीच्या खोलीत मला फार उपयोगी पडतो. पडदा पुढे सरकल्यामुळे डोळा जणू थोडा आखूड झालेला असतो, म्हणून त्या डोळ्याला तात्पुरता ‘प्लस’ नंबर येतो. तक्त्यावर ६/१२ ची ओळ अडखळत वाचणाऱ्या रुग्णापुढे +०.७५ किंवा +१.०० ची काच धरली की तो बऱ्याचदा एक-दोन ओळी पुढे वाचतो. तुम्हाला आत्ता कोणी असा नंबर काढून दिला, तर त्यावर नवा चष्मा करून घेऊ नका. पाणी ओसरले की हा नंबरही जातो.

आता ताणाविषयी. फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले; तो पुन्हा पुन्हा उलटतो हे तेव्हाच लक्षात आले होते. ताणाशी त्याचा संबंध मात्र विसाव्या शतकात ठळकपणे मांडला गेला. लॉरेन्स यानुझी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीएसआरच्या रुग्णांमध्ये सतत घाईत असणारे, स्पर्धेत उतरणारे, रिकामे बसू न शकणारे लोक तुलनेने जास्त आढळले. शरीर ताणाखाली असताना कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके अधिक स्रवतात, आणि कॉर्टिसोल हे शरीराने स्वतः तयार केलेले स्टेरॉइडच आहे. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडने सीएसआर होतो हे निर्विवाद असल्यामुळे ताणाच्या संबंधाला शरीरशास्त्राचा आधार मिळतो. तरीही ताण हे एकमेव कारण असल्यासारखे मी रुग्णाला कधी सांगत नाही. तितकाच ताण सोसणारी असंख्य माणसे या आजाराशिवाय जगतात, आणि ज्यांना तो होतो त्यांच्या कोरॉइडची ठेवणच मुळात जाड असते. बहुतेकदा दुसऱ्या, निरोगी वाटणाऱ्या डोळ्यातही ती तशीच दिसते. तुमच्या बाबतीत ताणाने ठिणगी टाकली असेल, पण दारू तिथे आधीपासून भरलेली होती. एखादे काम नाकारले असते तर डोळा वाचला असता, असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

झोपेकडे मात्र लक्ष द्या. रात्रपाळी, सतत अपुरी झोप, आणि विशेषतः झोपेत श्वास अडखळून घोरण्याचा त्रास यांचा सीएसआरशी संबंध दिसून आला आहे. तुमच्या घरच्यांनी तुम्ही झोपेत मध्येच श्वास घ्यायचे थांबता असे कधी सांगितले असेल, तर ते डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगा. एरवी हा प्रश्न विचारायचे राहून जाऊ शकते.

आता स्टेरॉइडकडे येतो, कारण या आजारात रुग्णाच्या हातात खरोखर असलेली एकच मोठी गोष्ट आहे आणि ती हीच. एका रुग्णाची हकीकत सांगतो. त्यातील ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

वय ४१, आर्थिक वर्षाच्या अखेरीचा हिशेब सांभाळणारा माणूस. उजव्या डोळ्याला दहा दिवसांपासून डाग. डोळा लाल नाही, दुखत नाही. नजर ६/१२, +०.७५ ची काच लावल्यावर ६/९. बाहुली मोठी करून पाहिल्यावर मॅक्युलावर स्वच्छ पाण्याचा गोल फुगवटा स्पष्ट दिसला. रक्त नव्हते, पिवळे चट्टे नव्हते. ओसीटी, म्हणजे पडद्याचा प्रकाशाने काढलेला आडवा छेद, यात मध्यभागी २६० मायक्रॉन उंचीचे पाणी, आणि कोरॉइड ४३० मायक्रॉन जाड. दुसऱ्या डोळ्यातही कोरॉइड ३९० मायक्रॉन होते. निरोगी माणसात ते साधारण २५० ते ३०० च्या आसपास असते. निदानात शंका नव्हती.

मी विचारले, ‘स्टेरॉइड घेता का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ या उत्तरावर मी कधीच थांबत नाही, कारण ‘स्टेरॉइड’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गोळ्या किंवा व्यायामशाळेतील इंजेक्शने येतात. मी पुन्हा विचारले, दमा आहे का, तोंडाने ओढायचा पंप आहे का? नाही. त्वचेला खाज, चट्टा, त्यासाठी मलम? नाही. सांध्यात, खांद्यात, कमरेत इंजेक्शन? नाही. नाक चोंदते का? ‘हो, पण त्यासाठी फक्त स्प्रे मारतो.’ किती दिवस? ‘दीड वर्ष झाले. दिवसातून दोनदा.’ त्याने खिशातून तो स्प्रे काढून दाखवला. बाटलीवर बारीक अक्षरांत स्टेरॉइडचे नाव छापलेले होते. त्याने ते कधी वाचलेच नव्हते, आणि मूळ डॉक्टरांनी तो स्प्रे जेमतेम एक महिन्यासाठी दिला होता.

त्या दिवशी मी त्याला दिलेले एकमेव काम म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटून तो स्प्रे बंद करणे आणि पर्याय विचारणे. डोळ्यासाठी थेंब नाहीत, गोळी नाही. तो नाराज होऊन गेला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. सहा आठवड्यांनी पाण्याची उंची १५० मायक्रॉनवर आली होती, पण त्याची तक्रार जवळजवळ तशीच होती. बाराव्या आठवड्यात पाणी ४० मायक्रॉन उरले होते, नजर ६/९ झाली होती आणि प्लस नंबर नाहीसा झाला होता. सतराव्या आठवड्यात ओसीटीत पडदा पूर्णपणे टेकलेला होता, नजर ६/६. तरीही तो म्हणाला, ‘डॉक्टर, लाल रंग या डोळ्याला अजून विटक्या कापडासारखा दिसतो.’ ती तक्रार आणखी तीन-चार महिन्यांत हळूहळू गेली.

त्याच्या हकीकतीत दोन गोष्टी आहेत ज्या तुम्हालाही अनुभवास येतील. पहिली ही की सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी कमी होते पण माणसाला फरक वाटत नाही, कारण २६० मायक्रॉनचा घुमट १५० चा झाला तरी मध्यभाग अजून उचललेलाच असतो. तुम्हाला पहिल्या भेटीनंतर काहीच बदल जाणवला नाही, तर त्यावरून आजार वाढतो आहे असा निष्कर्ष काढू नका. छेदाच्या दोन चित्रांची तुलना त्यासाठीच करायची असते. दुसरी ही की पाणी गेल्यावर लगेच नजर परिपूर्ण होत नाही. रंगांतला फिकेपणा, अंधुक उजेडात वाचताना येणारी अडचण आणि सरळ रेषेतला किंचित वाक काही महिने रेंगाळतो. काहींमध्ये तो अतिशय सौम्य प्रमाणात कायम राहतो, इतका सौम्य की दोन्ही डोळे उघडे असताना जाणवत नाही.

हा उशीर का लागतो, आणि वाट पाहण्याला मुदत का आहे, या दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. प्रकाशग्राही पेशींची टोके रोज थोडी थोडी झिजून गळतात, आणि मागचा रंगद्रव्याचा थर ते गळलेले तुकडे उचलून पचवतो. डोळ्याची ही रोजची साफसफाई आहे. पडदा त्या थरापासून अलग झाला की हे तुकडे उचलणारे कोणी उरत नाही. टोके लांबत जातात, पाण्यात लोंबू लागतात. ओसीटीत पडद्याची खालची कड झालरीसारखी खडबडीत दिसते. पहिल्या काही आठवड्यांत याने फारसे नुकसान होत नाही. पण मध्यभागातील पेशींचे पोषणही मागच्या कोरॉइडवर अवलंबून असते, आणि महिनोन्‌महिने त्यांना तिथून दूर ठेवले की त्या हळूहळू पातळ होतात, काही मरतात. अशा पेशी परत येत नाहीत. म्हणून चार महिन्यांनंतरही पाणी तसेच असेल, तर मी ‘आणखी थोडे थांबू या’ असे सहसा म्हणत नाही. पाणी नंतर गेले तरी गमावलेली नजर पूर्ण परतत नाही, आणि ‘पाणी गेले, मग दिसत का नाही?’ असे विचारणाऱ्या माणसाला उत्तर देणे मला फार जड जाते.

या काळात घरी करायचे काम छोटे आहे. चौकटींचा तक्ता, ज्याला अ‍ॅम्स्लर ग्रिड म्हणतात, डॉक्टरांकडून मागून घ्या. १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरच्या चौकटी आणि मधोमध ठिपका असा तो असतो. चांगल्या उजेडात ३० सेंटिमीटरवर तो धरा, जवळचा चष्मा असेल तर लावा, चांगला डोळा तळहाताने झाका आणि फक्त ठिपक्याकडे बघत राहा. ज्या चौकटी वाकड्या किंवा फिक्या दिसतात त्यांच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. आठवड्यातून एकदा पुरे. रोज दहा वेळा तपासणारे रुग्ण मी पाहिले आहेत; त्यांना बारीकसा फरकही भयानक वाटू लागतो आणि डाग मनात मोठा होत जातो. काम, वाचन, संगणक यांनी हे पाणी वाढत नाही. वाहन चालवताना मात्र एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकू शकतो, म्हणून दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते का हे पाहून, आणि पहिले काही दिवस गर्दीची वेळ टाळून, बाहेर पडा.

स्टेरॉइड बंद करण्याविषयी एक सावधगिरी आवर्जून सांगतो. कोणत्याही स्टेरॉइडचा शोध लागला की ते स्वतःहून एका दिवसात तोडू नका. दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या अचानक बंद केल्यास शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल अपुरे पडून जिवावर बेतू शकते, आणि दम्याचा पंप बंद केल्यास दमा उसळू शकतो. ज्या डॉक्टरांनी ते सुरू केले त्यांना सीएसआर झाल्याचे कळवा आणि कमी करता येते का, मार्ग बदलता येतो का, हे त्यांना ठरवू द्या. काही आजारांत स्टेरॉइड चालू ठेवण्यावाचून इलाज नसतो. अशा वेळी डोळ्याकडे अधिक बारकाईने लक्ष ठेवावे लागते. गरोदरपणातही सीएसआर होऊ शकतो, बहुधा शेवटच्या महिन्यांत, आणि प्रसूतीनंतर तो सामान्यतः ओसरतो.

याच्या उलट चूक अधिक गंभीर असते, आणि ती मी एकापेक्षा जास्त वेळा निस्तरली आहे. नजर अंधुक, रंग फिके, मध्यभागी डाग, एवढ्यावरून कधी कधी दृष्टिनसेची सूज किंवा पडद्याची सूज समजून रुग्णाला स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा डोळ्याभोवती स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. सीएसआर असेल तर पाणी वाढते, पडद्याचा मोठा भाग उचलला जातो, आणि डाग आणखी वाढला म्हणून पुन्हा डोस वाढवला जातो. नसेच्या सुजेत डोळा हलवताना बहुधा दुखतो आणि त्या डोळ्याची बाहुली प्रकाशाला मंद प्रतिसाद देते. प्लसची काच लावून दिसण्यात सुधारणा होत नाही. सीएसआरमध्ये दुखत नाही, बाहुली नेहमीसारखी असते, काचेने थोडे सुधारते. पण खरा निवाडा ओसीटीच करते, कारण तिथे पाणी डोळ्यांनी दिसते. ही तपासणी होण्यापूर्वी कोणी स्टेरॉइड सुचवले, तर ‘पडद्यामागे पाणी नाही ना, हे आधी बघू या का?’ असे विचारायला अजिबात संकोच करू नका.

सीएसआर नसलेली, पण त्याच्यासारखी दिसणारी आणखी एक स्थिती मला नेहमी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असाच वाकडा डाग आला, तर पडद्याखाली नव्या, कमजोर रक्तवाहिन्या उगवलेल्या असू शकतात. त्यांची वाट पाहणे घातक असते आणि त्यांना डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी उपचार करावे लागतात. तुमच्या वयाला ही शक्यता कमी आहे, तरीही दीर्घकाळ राहिलेल्या सीएसआरमध्येही अशा वाहिन्या पुढे येऊ शकतात. तक्त्यावरील वाक एकाएकी वाढला, मध्यभागी काळपट किंवा लालसर डाग आला, तर सहा आठवड्यांच्या भेटीपर्यंत थांबू नका. कडेने पडदा सरकत आल्यासारखे दिसणे, प्रकाशाच्या चमका, एकदम वाढलेले तरंगते ठिपके ही सीएसआरची लक्षणे नाहीत. त्यांसाठी त्याच दिवशी दाखवावे लागते. दोन्ही डोळे एकदम अंधुक झाले आणि सोबत डोकेदुखी, कानात आवाज असे काही असेल, तर तोही वेगळाच आजार असतो, आणि गंमत अशी की त्यात स्टेरॉइडच द्यावी लागतात. म्हणूनच निदान अंदाजाने करून चालत नाही.

पाणी चार महिन्यांत गेले नाही तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेलच. तेव्हा गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठी हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून पडद्याची चित्रे घेतली जातात. बहुतेकांत शाईचा थेंब कागदावर पसरावा तसा एक ठिपका हळूहळू मोठा होताना दिसतो. थोड्या जणांत मात्र रंग आधी सरळ वर चढतो आणि मग घुमटाच्या छताला लागून दोन्ही बाजूंना पसरतो, अगदी धुराड्यातून धूर निघावा तसा. ज्याला हे चित्र एकदा दिसले त्याला ते विसरता येत नाही. गळती मध्यबिंदूपासून पुरेशी दूर असेल तर तिथे लेसरचे मोजके ठिपके देऊन पाणी लवकर उतरवता येते, पण त्या जागी कायमचा लहानसा डाग उरतो; म्हणून गळती मध्यबिंदूजवळ असेल तर तो लेसर देत नाहीत.

अशा वेळी आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अर्ध्या मात्रेतील फोटोडायनॅमिक उपचार. व्हर्टेपोर्फिन नावाचे औषध शिरेतून देतात आणि मग पडद्याच्या त्या भागावर विशिष्ट लाल प्रकाश सोडतात, त्यामुळे फुगलेल्या कोरॉइडच्या वाहिन्या आक्रसतात. नेहमीच्या मात्रेच्या निम्मे औषध पुरते आणि त्याने अपायही कमी होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लेस नावाच्या चाचणीत जुनाट सीएसआरच्या रुग्णांना हा उपचार आणि मायक्रोपल्स लेसर अशा दोन गटांत विभागले होते. सात-आठ महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ६७ टक्के रुग्णांचे पाणी पूर्ण गेलेले होते, तर दुसऱ्या गटात सुमारे २९ टक्के. उपचारानंतर काही दिवस उन्हापासून आणि प्रखर प्रकाशापासून स्वतःला जपावे लागते. इप्लेरेनोन नावाच्या गोळ्यांकडून पूर्वी बऱ्याच आशा होत्या आणि मीही त्या लिहून दिल्या आहेत; पण २०२० मध्ये आलेल्या ब्रिटनमधील व्हीआयसीआय चाचणीत वर्षभरानंतर त्यांचा उपयोग औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही, तेव्हापासून मी त्या देत नाही. नव्या रक्तवाहिन्या नसताना डोळ्यात इंजेक्शन द्यायचे कारण मला दिसत नाही.

चार महिन्यांची मुदत सर्वांना सारखी नसते. ज्याची दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच गेलेली आहे, ज्याच्या कामाला अगदी बारीक नजर लागते, किंवा ज्याच्या पडद्यामागच्या थरावर जुन्या सीएसआरचे डाग दिसतात, त्याच्याबाबतीत मी लवकर उपचाराचा विचार करतो. जुने डाग म्हणजे हा आजार पूर्वीही येऊन गेला होता, आणि रुग्णाला तो कळला नव्हता, असा त्याचा अर्थ असतो.

तो पुन्हा येतो का? येऊ शकतो. पहिल्या वर्षातच बऱ्याच जणांना तो उलटतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण तीनांत एकापासून दोनांत एकापर्यंत आढळते. म्हणून पाणी ओसरल्यावर काढलेले ओसीटीचे चित्र जपून ठेवा, कारण पुढे कधी डाग आला तर तुलना त्याच्याशीच करायची असते. आणि तुमच्या औषधांच्या यादीच्या वरच्या टोकाला ‘सीएसआर झालेला आहे, स्टेरॉइड देण्यापूर्वी विचारा’ असे ठळक लिहून ठेवा.

ज्या रुग्णाची हकीकत सांगितली तो दोन वर्षांनी एका सकाळी पुन्हा आला. त्याच डोळ्यात, त्याच जागी, करडा डाग, चार दिवसांपासून. नाकाचा स्प्रे त्याने कधीच सोडला होता. मी काही विचारण्याआधीच त्याने सांगितले की तीन आठवड्यांपूर्वी खांदा आखडला म्हणून सांध्यात एक इंजेक्शन घेतले होते. घरी परतल्यावर त्याने रिकाम्या कुपीवरचे नाव वाचले, आणि डाग दिसताच दुसऱ्याच कोणाकडे न जाता थेट माझ्याकडे आला. या वेळी पाणी ११० मायक्रॉन होते. दुसरे इंजेक्शन घ्यायचे नाही, एवढेच ठरले. नऊ आठवड्यांनी पडदा कोरडा झाला होता.